उजव्या बाजूचा कंस

मराठी माध्यमाच्या भूमितीच्या वहीत सिद्धतेची प्रत्येक ओळ दोन भागांत लिहिली जाते. डावीकडे विधान, मध्ये टिंबांची रांग आणि उजवीकडे कंसात कारण: (पक्ष), (रचना), (सामाईक बाजू), (व्युत्क्रम कोन). कंसातला मजकूर दोन-चार शब्दांचाच असतो. गुण जाऊ नयेत म्हणून तो लिहायचा असतो, अशी बहुतेकांची समजूत असते. पण सलग परिच्छेदात लिहिलेली एखादी लांब उकल या रूपात पुन्हा लिहायला घेतली, की कंसाचे खरे काम कळते. डावीकडच्या विधानाला उभे राहायला जागा आहे की नाही, हे तिथे तपासले जाते.

पुनर्लेखनाची कामे तीन. सलग मजकूर अशा ठिकाणी तोडायचा की एका ओळीत एकच विधान राहील. प्रत्येक विधानाला क्रमांक द्यायचा. मग प्रत्येकासमोर ते कशावरून आले, ते लिहायचे. पहिली दोन कामे बरीचशी यांत्रिक आहेत. तिसरे तसे नाही. तिन्हींचा परिणाम पाहण्यासाठी निष्कर्ष उघडउघड खोटा असलेली उकल घेणे सोयीचे, कारण तिच्यात कुठेतरी चूक आहे हे आधीच ठाऊक असते. प्रश्न उरतो तो ती सापडण्याचा. राउझ बॉल या इंग्रज गणितज्ञाच्या १८९२ साली निघालेल्या गणिती मनोरंजनाच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेली एक उकल या कामाला चांगली आहे. प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो, असे ती सिद्ध करते.

परिच्छेदात ती अशी वाचायला मिळते. ABC हा कोणताही त्रिकोण घ्या. कोन A चा दुभाजक आणि बाजू BC चा लंबदुभाजक P या बिंदूत छेदतात असे माना. ते समांतर असले किंवा एकाच रेषेवर आले, तर कोन A चा दुभाजक BC ला लंब होतो आणि त्रिकोण समद्विभुज असल्याचे लगेच मिळते. P मधून AB वर PE आणि AC वर PF हे लंब टाका. AP हा दुभाजक असल्याने आणि E व F येथे काटकोन असल्याने PEA व PFA हे त्रिकोण एकरूप आहेत, म्हणून AE आणि AF समान, तसेच PE आणि PF समान. P लंबदुभाजकावर असल्याने PB आणि PC समान आहेत, त्यामुळे PEB व PFC हे काटकोन त्रिकोणही एकरूप होतात आणि EB व FC समान ठरतात. समान रेषाखंडांत समान रेषाखंड मिळवले की AB आणि AC समान मिळतात. म्हणून त्रिकोण समद्विभुज आहे.

सोबत P त्रिकोणाच्या आत दाखवणारी हाताने काढलेली आकृती असली, तर हा परिच्छेद वाचताना कुठेही ठेच लागत नाही. प्रमेये ओळखीची आहेत, एकरूपतेच्या कसोट्या बरोबर लावल्या आहेत, आणि प्रत्येक वाक्य पुढच्याला हात देते. खटकतो तो फक्त शेवट. वाचक मागे फिरतो, पुन्हा वाचतो आणि पुन्हा त्याच शेवटाला येऊन थांबतो.

आता तोडणी. मराठीत सलग सिद्धतेचे सांधे ठरावीक शब्दांवर असतात: म्हणून, त्यामुळे, तसेच, आणि, असल्याने. ‘म्हणून’च्या दोन बाजूंना दोन वेगळी विधाने असतात, तेव्हा तिथे ओळ तुटते. ‘असल्याने’च्या आधीचा भाग बहुधा उजवीकडच्या कंसात जातो. ‘तसेच’ आणि ‘आणि’ यांनी जोडलेली विधाने वेगवेगळ्या ओळींवर जातात, कारण पुढे त्यांतले एकच लागण्याची शक्यता असते. वरच्या परिच्छेदात AE = AF आणि PE = PF एका दमात आले आहेत, पण दुसऱ्या जोडीच्या एकरूपतेला फक्त PE = PF लागते आणि AE = AF थेट शेवटच्या बेरजेत वापरले जाते. दोन्ही एका ओळीत ठेवली तर पुढे ‘कुठून आले’ याचे उत्तर संदिग्ध राहते.

तोडताना सर्वांत जास्त लक्ष लागते ते क्रियापदात लपलेल्या विधानांकडे. ‘समान रेषाखंडांत समान रेषाखंड मिळवले की AB आणि AC समान मिळतात’ हे एक वाक्य दिसते. AE मध्ये EB मिळवले आणि AF मध्ये FC मिळवले, तर दोन बेरजा समान येतात, हे त्यातले एक विधान. त्यांतली पहिली बेरीज म्हणजे AB, हे दुसरे. दुसरी बेरीज म्हणजे AC, हे तिसरे. आणि या तिन्हींवरून निघतो तो निष्कर्ष, चौथा. परिच्छेदात यांतली दोन विधाने लिहिलेलीच नव्हती. ‘मिळतात’ या क्रियापदाने ती गिळली होती.

क्रमांक घालून उकल आता अशी दिसते.

पक्ष: ∆ABC हा कोणताही त्रिकोण.
साध्य: AB = AC.
रचना: ∠A चा दुभाजक आणि रेख BC चा लंबदुभाजक P मध्ये छेदतात. PE ⊥ AB, PF ⊥ AC.

(१) ∠PAE = ∠PAF …… (AP हा ∠A चा दुभाजक)
(२) ∠PEA = ∠PFA = ९०° …… (रचना)
(३) AP = AP …… (सामाईक बाजू)
(४) ∆PEA ≅ ∆PFA …… (१, २, ३, कोकोबा कसोटी)
(५) AE = AF …… (४; एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू)
(६) PE = PF …… (४; एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू)
(७) PB = PC …… (रचना; लंबदुभाजकाचे प्रमेय)
(८) ∆PEB ≅ ∆PFC …… (रचना, ६, ७, कर्णभुजा कसोटी)
(९) EB = FC …… (८; एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू)
(१०) AE + EB = AF + FC …… (५, ९; समान राशींत समान राशी मिळवून)
(११) AE + EB = AB …… (          )
(१२) AF + FC = AC …… (          )
(१३) AB = AC …… (१०, ११, १२)

कंसांत येणारी कारणे मोजक्या जातींची असतात. एक म्हणजे दिलेली माहिती: पक्ष किंवा रचना. दुसरी व्याख्या: दुभाजक म्हणजे काय, लंब म्हणजे काय. तिसरी आधी सिद्ध झालेले प्रमेय किंवा मान्य केलेले गृहीतक. चौथी याच सिद्धतेतली आधीची ओळ, तिच्या क्रमांकासह. ओळ (८) मध्ये कसोटीचे नाव आहे आणि ती कसोटी ज्या सामग्रीवर चालली तिचे क्रमांकही आहेत. नुसते ‘कर्णभुजा कसोटी’ लिहिले असते, तर कर्ण कोणते आणि भुजा कोणत्या हे वाचकाला आकृतीत शोधावे लागले असते. क्रमांक लिहिले की PB आणि PC हे कर्ण ओळ (७) मधून आले आणि PE, PF या भुजा ओळ (६) मधून आल्या, हे बोट ठेवून दाखवता येते.

ओळ (१) चे कारण मात्र दिसते त्याहून थोडे अपुरे आहे. AP दुभाजक असल्याने AP ने AB आणि AC या किरणांशी केलेले कोन समान आहेत. ∠PAE हा त्यांतलाच कोन ठरण्यासाठी E हा A पासून B च्याच दिशेला असायला हवा. तो तसा असतो, कारण त्रिकोणाच्या कोनाचा अर्धा भाग नेहमी ९०° पेक्षा लहान असतो आणि लघुकोनाच्या एका भुजेवरच्या बिंदूतून टाकलेला लंब दुसऱ्या भुजेवरच पडतो. म्हणजे ओळ खरी आहे, फक्त तिच्या कंसात आणखी एक वाक्य मावायला हवे होते. पुनर्लेखनात अशा जागा बऱ्याच निघतात.

ओळी (११) आणि (१२) यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे काय लिहायचे? पक्ष नाही, कारण पक्षात E आणि F नाहीतच. रचनेत E हा AB या रेषेवर आहे एवढेच सांगितले आहे. तो A आणि B यांच्या मधे आहे असे नाही. प्रमेय कोणते, तर एकही सापडत नाही. आधीच्या दहा ओळी लंब, कोन आणि लांबी यांबद्दल बोलतात. कोणता बिंदू कोणाच्या कोणत्या बाजूला आहे याबद्दल एकही नाही. परीक्षेच्या वहीत अशा ठिकाणी सहसा ‘आकृतीवरून’ असे लिहिले जाते. हा शब्द कारणासारखा दिसतो, पण त्याने कंस भरत नाही. आकृती हाताने काढलेली असते, आणि ती काढणाऱ्याने P आत घातला असेल तर E व F आपोआप बाजूंवर येतात.

बिंदूने दोन बिंदूंच्या मधे असणे याला शालेय भूमितीत ‘दरम्यानता’ म्हणतात. बालभारतीच्या नववीच्या गणित भाग २ मध्ये पहिल्याच प्रकरणात तिची व्याख्या आहे: d(P, Q) + d(Q, R) = d(P, R) असेल तर Q हा P आणि R यांच्या दरम्यान आहे, आणि ते P–Q–R असे लिहायचे. अंतरांची ही बेरीज त्या वयात इतकी उघड वाटते की तिला व्याख्या कशाला हवी, असा प्रश्न पडतो. ओळी (११) आणि (१२) चे रिकामे कंस हे त्याचे उत्तर आहे. (११) म्हणजे A–E–B आणि (१२) म्हणजे A–F–C, एवढेच दावे तिथे केले आहेत, आणि त्यांना आधार नाही.

आधार नाही याचा अर्थ विधान खोटे आहे असा होत नाही. ते खरे असून नुसते सिद्ध व्हायचे राहिलेले असू शकते. त्याचा निकाल मोजून लावता येतो. AB = ८ सेमी, AC = ६ सेमी, BC = ७ सेमी असा त्रिकोण पट्टी आणि कंपासने काळजीपूर्वक काढला, कोन A दुभागला आणि BC चा लंबदुभाजक काढला, तर P त्रिकोणाच्या आत येत नाही. तो BC च्या खाली, A च्या विरुद्ध अंगाला पडतो. P मधून AB वर टाकलेला लंब A पासून ७ सेमी अंतरावर, म्हणजे B च्या १ सेमी अलीकडे पडतो. AC वरचा लंब मात्र बाजूवर पडतच नाही. AC पुढे वाढवावी लागते आणि F हा C च्या १ सेमी पलीकडे येतो. AE = AF = ७ आणि EB = FC = १, म्हणजे (५) आणि (९) खऱ्या आहेत. ओळ (१०) ही सुद्धा खरी आहे, कारण ७ + १ = ७ + १. ओळ (११) खरी आहे: ७ + १ = ८. एकट्या ओळ (१२) मध्ये ७ + १ = ६ असा दावा होतो. निष्कर्षाआधीच्या बारा ओळींतली एकच ओळ खोटी, आणि सगळा निष्कर्ष तिच्यावर उभा होता.

रिकाम्या कंसाची ही गोष्ट भूमितीइतकीच जुनी आहे. युक्लिडच्या मूलतत्त्वांच्या पहिल्या ग्रंथातले पहिलेच साध्य म्हणजे दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढणे. रेषाखंडाचे दोन्ही अंत्यबिंदू केंद्र धरून त्याच लांबीच्या त्रिज्येची दोन वर्तुळे काढायची आणि ती जिथे छेदतात तो बिंदू दोन्ही टोकांना जोडायचा. युक्लिडचे मूळ लेखन सलग गद्यात आहे. कोणते विधान कोणत्या गृहीतकावरून आले याचे कंसातले निर्देश नंतरच्या संपादकांनी घातले. थॉमस हीथ यांच्या १९०८ च्या इंग्रजी आवृत्तीत असे निर्देश ओळीओळीला आहेत. वर्तुळ काढता येते याला गृहीतक मिळते, त्रिज्या समान आहेत याला व्याख्या मिळते. दोन वर्तुळे छेदतात याला मात्र काहीच मिळत नाही, कारण ते सांगणारे गृहीतक युक्लिडच्या यादीत नाही. आकृतीत ती छेदताना दिसतात, म्हणून छेदतात, एवढेच.

दरम्यानतेबाबतही युक्लिडची यादी तशीच मोकळी होती. १८८२ साली मोरिट्झ पाश या जर्मन गणितज्ञाने बिंदूंच्या क्रमाबद्दल स्वतंत्र गृहीतके मांडली, आणि १८९९ साली डेव्हिड हिल्बर्टने आपल्या भूमितीच्या पुस्तकात गृहीतकांचा एक पूर्ण गट क्रमासाठी ठेवला. नववीच्या पुस्तकातली P–Q–R ही खूण याच विचाराचे शालेय रूप आहे. जी गोष्ट आकृती फुकट देत होती, तिच्यासाठी कंसात लिहिता येईल असे कारण तयार झाले.

रिकामा कंस निदान डोळ्यांना दिसतो. भरलेला पण कारण नसलेला कंस जास्त फसवतो, आणि तो बीजगणितात अधिक आढळतो. √(x + ७) = x − ५ हे समीकरण सोडवताना ओळी अशा येतात: (१) √(x + ७) = x − ५; (२) x + ७ = (x − ५)²; (३) x² − ११x + १८ = ०; (४) (x − ९)(x − २) = ०; (५) x = ९ किंवा x = २. समोरच्या कंसांत बहुधा ‘दोन्ही बाजूंचा वर्ग करून’, ‘पदे एका बाजूला घेऊन’, ‘अवयव पाडून’ असे लिहिलेले असते. हे सगळे त्या ओळीत केलेल्या क्रियेचे वर्णन आहे. क्रिया काय केली ते डावीकडे दिसतेच. ती करायला परवानगी कशी मिळाली, ते उजवीकडे हवे. ओळ (२) चे कारण असे लिहिता येते: दोन संख्या समान असतील तर त्यांचे वर्ग समान असतात. कारण या रूपात लिहिले की त्याची दिशाही कळते. वर्ग समान असले म्हणून संख्या समान असतात असे नाही. ३ आणि −३ यांचा वर्ग एकच. ओळी (२) ते (५) उलट दिशेने चालता येतात, पण (२) वरून (१) वर परत येता येत नाही. x = २ ठेवले तर डावीकडे √९ म्हणजे ३ येतात आणि उजवीकडे −३. x = ९ ठेवले तर दोन्हीकडे ४. चुकीचे मूळ ओळ (२) मध्ये आत आले, हे त्या कंसावरून सांगता येते, आणि म्हणूनच शेवटी दोन्ही मुळे मूळ समीकरणात ठेवून पाहण्याची सहावी ओळ सिद्धतेचा भाग ठरते.

लिहून झालेली मांडणी तपासायची असली तर ती खालून वर वाचतात. शेवटच्या ओळीच्या कंसातले क्रमांक घ्यायचे, त्या ओळींवर खूण करायची, मग त्यांच्या कंसांतल्या क्रमांकांवर, आणि असे पक्षापर्यंत जायचे. त्रिकोणाच्या उकलीत (१३) वरून (१०), (११), (१२) वर जाता येते. (१०) वरून (५) आणि (९) वर. (९) वरून (८) वर. (८) वरून (६), (७) आणि रचनेवर. आणि (५) व (६) वरून (४) मार्गे पहिल्या तीन ओळींवर. (११) आणि (१२) वरून पुढे कुठेच जाता येत नाही. वाट तिथे संपते. या वाचनात आणखी दोन गोष्टी उघड होतात. एखाद्या ओळीवर खूणच झाली नाही, तर ती सिद्धतेला लागत नव्हती आणि काढता येते. पक्षातली एखादी अट कुठल्याच कंसात आली नाही, तर ती अट अनावश्यक असते किंवा, आणि हे जास्त वेळा घडते, ती जिथे वापरायची ती ओळ कारणाशिवाय सोडलेली असते.

ओळी किती बारीक करायच्या याचे एकच माप नाही. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी या प्रश्नाचा बराच विचार केला. लाटेक ही गणिती मजकूर छापायची प्रणाली त्यांचीच. सिद्धता कशी लिहावी याविषयी त्यांचा लेख १९९५ साली ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’मध्ये आला. गणिताच्या प्रास्ताविक वर्गाला शिकवण्यासाठी त्यांनी श्रोडर–बर्नस्टाइन प्रमेयाची सिद्धता जॉन केली यांच्या ‘जनरल टोपॉलॉजी’ या प्रतिष्ठित पाठ्यपुस्तकातून घेतली होती. पुस्तकात ती अर्ध्या पानाची होती. विद्यार्थ्यांना कळावी म्हणून ते एकेक पायरी उलगडत गेले, आणि पाच पाने लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की मूळ सिद्धताच चुकीची आहे.

लॅम्पोर्ट सुचवतात ती रीत उतरंडीची आहे. वरच्या पातळीवर चार-पाच मोठ्या पायऱ्या, प्रत्येकीखाली तिची स्वतःची क्रमांकित उपसिद्धता, आणि तिच्यातली एखादी पायरी अवघड असेल तर तिच्याखाली आणखी एक पातळी. सर्वांत खालच्या ओळीचे कारण इतके लहान व्हावे की ते कंसात मावेल आणि वाचकाला शंका उरणार नाही. ज्याला फक्त आराखडा हवा तो वरच्या ओळी वाचून थांबतो, ज्याला पाचव्या पायरीबद्दल शंका आहे तो (५.१), (५.२) मध्ये उतरतो. एका पातळीवर सपाट लिहिलेल्या साठ-सत्तर ओळींत ही सोय नसते. तिथे (४७) चे कारण ‘(१२), (३१)’ असे आले की ते बरोबर असते, पण वाचकाला काय चालले आहे ते कळत नाही. अमेरिकेतल्या शाळांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून विधान आणि कारण अशा दोन स्तंभांत सिद्धता लिहिण्याचा प्रघात रुजला, आणि त्यावर नंतर हीच टीका झाली: स्तंभ भरले जातात, पण P कशासाठी घेतला हे कुठेच सांगितलेले नसते. म्हणून ओळी सुरू होण्याआधी एक-दोन वाक्यांत बेत सांगणे गरजेचे ठरते. कंस प्रत्येक पायरी खरी का ते सांगतो. ती पायरी आताच का घेतली, हे त्या वाक्यांत येते.

क्रमांकांचा आणखी एक उपयोग दुरुस्ती करताना होतो. परिच्छेदातली चूक सापडली तर बहुधा सगळा परिच्छेद पुन्हा लिहावा लागतो. ओळींच्या मांडणीत दोष (११) आणि (१२) मध्ये आहे हे ठरले, की (१) ते (१०) ला हात लावायचे कारण उरत नाही. AB आणि AC असमान आहेत असा पक्ष घेऊन पुढच्या ओळी बदलता येतात.

(११) P हा ∆ABC च्या परिवर्तुळावर आहे.
   (११.१) BC चा लंबदुभाजक, A ज्यावर नाही त्या कंस BC ला Q मध्ये छेदतो …… (लंबदुभाजक परिवर्तुळाच्या केंद्रातून जातो)
   (११.२) QB = QC, म्हणून कंस QB ≅ कंस QC …… (लंबदुभाजकाचे प्रमेय; एकरूप जीवांचे संगत कंस एकरूप)
   (११.३) ∠QAB = ∠QAC …… (११.२, एकरूप कंसांतील आंतरलिखित कोन)
   (११.४) Q आणि P एकच …… (११.३, AB ≠ AC असल्याने दुभाजक व लंबदुभाजक एकाच बिंदूत छेदतात)
(१२) ∠ABP + ∠ACP = १८०° …… (११; चक्रीय चौकोनाचे संमुख कोन)
(१३) ∠ABP आणि ∠ACP यांपैकी एक लघुकोन, दुसरा विशालकोन …… (१२; दोन्ही काटकोन असते तर E हा B वर आणि F हा C वर आला असता आणि ५ वरून AB = AC झाले असते)
(१४) ∠ABP लघुकोन धरला तर A–E–B …… (∠PAB आणि ∠PBA दोन्ही लघुकोन)
(१५) A–C–F …… (∠ACP विशालकोन, १३)
(१६) AB = AE + EB, AC = AF − FC …… (१४, १५; दरम्यानतेची व्याख्या)
(१७) AB + AC = २AE, AB − AC = २EB …… (५, ९, १६)

∠ACP लघुकोन असेल तर B आणि C यांची अदलाबदल करून हीच वाट चालते. (११.४) मधल्या ‘एकाच बिंदूत’ या शब्दांना परिच्छेदाच्या सुरुवातीचे वाक्य आधार देते: दुभाजक आणि लंबदुभाजक समांतर असते किंवा एकाच रेषेवर आले असते, तर AB = AC झाले असते आणि ते पक्षाविरुद्ध आहे. (१५) च्या कंसात लघुकोनाच्या भुजेबद्दल ओळ (१) मध्ये वापरलेले वाक्यच उलट दिशेने लागते: विशालकोनाच्या एका भुजेवरच्या बिंदूतून टाकलेला लंब दुसऱ्या भुजेवर पडत नाही, तिच्या मागच्या वाढवलेल्या भागावर पडतो. ८ आणि ६ च्या त्रिकोणात (१७) वरून AE = ७ आणि EB = १ येतात, पट्टीने मोजलेलेच आकडे. प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असल्याचे सांगणाऱ्या उकलीतून पहिल्या दहा ओळी जशाच्या तशा ठेवून, दोन असमान बाजूंची बेरीज आणि वजाबाकी सांगणारे खरे प्रमेय निघते.